मधलं मधलं खाणारी मांजर आणि पोह्याची डिश

“माझी दोन वर्षांची मांजर वाटीतले मधले मधले दाणे खाते, कडेचे तसेच ठेवते आणि वाटीपुढे बसून ओरडते. कधी पंजाने बाहेर काढून फरशीवर खाते. एकांनी सांगितलं तिच्या मिशा दुखतात, खास बशी घ्या. ती ऑनलाइन नऊशेला आहे. घ्यावी का? – राजारामपुरी, कोल्हापूर”

नऊशे रुपये आज तरी खिशातच राहू द्या. आधी एक दहा मिनिटांची परीक्षा करा. तिच्या वाटीत कडेला उरलेले तेच दाणे, नवे न घालता, एखाद्या पसरट बशीत ओता आणि तिच्यापुढे ठेवा. तिने तेच दाणे लगेच संपवले, तर भांडं तिला नकोसं आहे. वास घेऊन निघून गेली, तर एक तर पोट भरलंय, नाही तर दाणे सादळलेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा ठेवलेला ड्राय फूड सकाळचा संध्याकाळपर्यंत मऊ पडतो आणि मांजर तो सोडून देतं. त्याला मिशा काय करणार?

आता मिशांचं. मिशीच्या केसात स्वतःमध्ये संवेदना नसते, सगळा खेळ मुळाशी असतो. मूळ साध्या केसापेक्षा बरंच खोल असतं, त्याच्याभोवती रक्ताने भरलेली पिशवी असते आणि तिथे मज्जातंतूंची टोकं दाटीने असतात. केस जरा वाकला की मुळाला कळतं. शिवाय नाकापुढच्या वीतभर अंतरातलं मांजराला नीट दिसत नाही, तेवढ्या टापूत ते मिशांवर आणि नाकावर चालतं. खोल अरुंद वाटीत तोंड घातलं की दोन्ही बाजूंच्या मिशा खाणं संपेपर्यंत कडेला घासत राहतात. काही मांजरांना हे अजिबात आवडत नाही. त्यालाच लोक ‘मिशा थकणं’ म्हणतात.

पण हा आजार आहे असं सिद्ध झालेलं नाही. 2021 मध्ये ‘जर्नल ऑफ फेलाइन मेडिसिन अँड सर्जरी’त 38 मांजरांवरचा एक छोटा प्रयोग छापून आला होता. नेहमीचं भांडं आणि मिशांसाठीची पसरट बशी, दोन्हींत खायला लागलेला वेळ, खाल्लेलं प्रमाण आणि सांडलेलं अन्न यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. दोन्ही समोर ठेवून निवड करू दिली, तेव्हा मात्र जास्त मांजरं पसरट बशीकडे गेली. माझं मतही तेवढंच आहे: हा दुखण्यापेक्षा सोयीचा प्रश्न आहे. सोय स्वस्तात होत असेल तर का करू नये?

माझ्या घरचं सांगतो. आमची चिमी आमटीच्या स्टीलच्या वाटीत खायची. वाटी तोंडाशी 11 सेंटिमीटर आणि खोली 5. ती झोपलेली असताना मिशांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पट्टी न टेकवता अंदाज घेतला, तर 17 भरले. म्हणजे ती वाटीत तोंड घालायची तेव्हा दोन्हीकडच्या मिशा मागे दुमडल्याशिवाय आत जाणंच शक्य नव्हतं. वाटीत 30 ग्रॅम दाणे घातले की 9-10 ग्रॅम कडेला गोल कडं करून उरायचे. वर आणखी घातले की वरचे वरचे खायची, आणि आम्ही समजायचो बाईसाहेबांना ताजं लागतं! त्या नादात तिला दोन महिने जास्तीचं वाढलं आणि पोट लोंबायला लागलं, ते वेगळंच.

मग घरातली पोह्याची डिश काढली. 18 सेंटिमीटर रुंद, कड जेमतेम 2. शेजारी जुनी वाटी ठेवली. दोन्हींत 20-20 ग्रॅम, तेच दाणे. रोज जागा अदलाबदल करत होतो, कारण मांजराला डाव्या-उजव्याची सवय असते आणि आपण ती भांड्याची आवड समजून बसतो. सहा दिवस उरलेलं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं. डिशमध्ये रोज ग्रॅम-दोन ग्रॅम उरलं, वाटीत निम्म्याच्या वर. पंजाने उकरणं चौथ्या दिवशी थांबलं. चिमीचा निकाल लागला.

आमच्या बोक्याचा मात्र लागला नाही. तोही दाणे सांडायचा, म्हणून त्यालाही डिश दिली, फरक शून्य. जवळ बसून पाहिलं तेव्हा दिसलं की तो भुकेने धावत येतो, दाणा उचलतो, मान एका बाजूला वाकडी करून चावतो आणि मध्येच टाकून देतो. तोंडाला वासही होता. डॉक्टरांनी ओठ वर करून दाखवलं, मागच्या दाढेजवळची हिरडी लालभडक. दाढ काढावी लागली. मी पंधरा दिवस बशा बदलत बसलो होतो, त्याची अजून चुटपुट लागते. फरक एवढाच पाहा: भांडं नको असलेलं मांजर फरशीवर तेच दाणे मजेत चावतं. दात दुखणारं मांजर फरशीवरही टाकतं, लाळ गाळतं, ओलं खाणं चाटतं पण कोरडं सोडतं. आणि कुठलंही मांजर पूर्ण दिवसभर काहीच खात नसेल, तर भांड्याचा विचार सोडून डॉक्टरांकडे न्या. जाडजूड मांजराच्या यकृतावर दोन-तीन दिवसांच्या उपासानेच चरबी साठून जीवावर बेतू शकतं.

विकत घ्यायचंच झालं तर महाद्वार रोडला कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळेल. रुंदी मिशांपेक्षा थोडी जास्त, कड दोन-अडीच सेंटिमीटर. अगदी सपाट ताटली घेऊ नका, ओलं खाणं चाटता चाटता घरभर ढकललं जातं. मिसळीची डिश खोल असते, ती नको. हलकी स्टीलची ताटली शहाबादी फरशीवर सरकते आणि खणखणते, चिमी त्या आवाजाला दचकायची. म्हणून जाड चिनी मातीची बरी. प्लॅस्टिक टाळा, त्याच्या चरांत तेलकटपणा राहतो आणि काही मांजरांच्या हनुवटीवर काळे पुरळ येतात. दाणे मध्ये ढीग करून न घालता एका थरात पसरा. पाण्याचं भांडंही रुंद ठेवा आणि काठोकाठ भरा. मिशा मात्र कधी कापू नका, पोरं हौसेने कात्री लावतात.

एक अडचण येणारच, मुंग्या. पसरट डिशला त्या चारी बाजूंनी चढतात. मी परातीत बोटभर पाणी घेतो, मध्ये वाटी पालथी घालतो आणि तिच्यावर डिश ठेवतो. डिश परातीच्या काठापेक्षा वर यायला हवी, नाहीतर मिशा डिशऐवजी परातीला घासतील आणि आपण परत होतो तिथेच.