जाहिरात बदलली? एचआरला असं विचारा

अर्ज केल्यावर नोकरीची जाहिरात बदललेली दिसली, तर आधी जुनी जाहिरात शोधा. पीडीएफ ठेवली नसेल, तर पोर्टलच्या जॉब अलर्ट मेलमध्ये निदान ठिकाण आणि अनुभवाची अट सापडू शकते. मग मुलाखतीच्या आधीच रिक्रूटरला मेल करा, पॅनेलसमोर विषय काढू नका. जॉब आयडी मेलच्या विषयातच टाका आणि लिहा:

“मी ३ तारखेला अर्ज केला तेव्हा जाहिरातीत दिवसपाळी होती, आता रात्रपाळी दिसते. माझ्या अर्जाला कोणती लागू आहे? पगाराची रेंज तीच आहे का?”

बस, एवढंच. ‘तुम्ही फसवलंत’ हा सूर नको. कधीकधी कुणीतरी दुसऱ्याच पदाचा मजकूर चिकटवलेला असतो. उत्तर फोनवर मिळालं, तर ‘आपलं असं बोलणं झालं’ म्हणून त्याच मेलखाली दोन ओळी लिहा. ऑफर लेटर आलं की त्याच्याशी ताडून बघता येतं.