भावाचं वागणं अचानक बदललं, मनोविकारतज्ज्ञांना काय आणि कसं सांगायचं?

प्रश्न: “भाऊ २६ वर्षांचा, मध्यम बौद्धिक अक्षमता, लहानपणापासून फिट्स. छोटी छोटी वाक्यं बोलतो. दोन-तीन महिन्यांपासून डोक्यात मारून घेतो, रात्री झोपत नाही, कार्यशाळेत जायला नको म्हणतो. मध्यंतरी फिट्सची गोळी बदलली, फिट्स आता बंद आहेत. डॉक्टर म्हणाले अशा मुलांमध्ये हे असतंच, आणि रिस्पेरिडोन दिली. महिना झाला, आता तर एका जागी बसतच नाही. पुढच्या आठवड्यात नाशिकला मनोविकारतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. तिथे काय सांगायचं, कसं सांगायचं?”

ताई, मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि अशी बरीच कुटुंबं माझ्याकडे येतात. भावाला न पाहता निदान सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्यात दोन गोष्टी ओझरत्या येऊन गेल्या आहेत, त्या मी आधी घेतो: फिट्सची गोळी बदलली, आणि रिस्पेरिडोननंतर तो बसेनासा झाला.

नव्या गोळीचं नाव तुम्ही दिलेलं नाही. ती लेव्हेटिरासिटॅम असेल, तर फिट्स छान थांबूनही काही जणांमध्ये चिडचिड, आक्रमकपणा, झोप उडणं, उदासी सुरू होते. बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये हे खास लक्ष ठेवून पाहावं लागतं, कारण ‘मला आतून कसंतरी होतंय’ असं ते सांगत नाहीत, हातातलं फेकतात किंवा स्वतःला मारतात. गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, डोस कधी वाढला आणि मारून घेणं कधी सुरू झालं, या तीन तारखा एका कागदावर मांडा. जुनी चिठ्ठी सापडली नाही तर मेडिकलवाल्याकडचं बिल शोधा. तारखा जुळल्या तरी गोळी आपणहून बंद करू नका. एकदम बंद केली तर न थांबणारी फिट येऊ शकते. ती बदलायची झाली तर मेंदूविकारतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ मिळून हळूहळू बदलतील.

आता दुसरी गोष्ट. रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी काहींना अकॅथिशिया होतो. माणूस आतून इतका अस्वस्थ होतो की बसवत नाही, उभा राहिला तर या पायावरून त्या पायावर भार टाकत राहतो, फेऱ्या मारतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं आजार वाढला, मग डोस वाढतो आणि अस्वस्थता आणखी वाढते. ओळखायची खूण पुन्हा तारखांमध्येच आहे: हे चालणं औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही दिवसांत-आठवड्यांत आलं का? आधीची चिडचिड आणि आताचं फिरणं तुम्हाला वेगवेगळं दिसत असेल, तर डॉक्टरांना तसंच वेगवेगळं सांगा. आणि यासाठी भेटीची वाट पाहू नका, औषध ज्यांनी दिलं त्यांना आजच फोन करून कळवा. रिस्पेरिडोन काहींना खरोखर उपयोगी पडते. पण २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, बौद्धिक अक्षमता आणि आक्रमक वागणूक असलेल्या ८६ प्रौढांना रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल किंवा नुसती औषध नसलेली गोळी दिली होती. राग तिन्ही गटांत उतरला, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्येही तो बाकीच्या दोन गटांपेक्षा कमी उतरला असं झालं नाही. म्हणून ‘ही गोळी नेमकी कशासाठी आहे, उपयोग झाला की नाही हे कधी आणि कशावरून ठरवायचं’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

‘अशा मुलांमध्ये हे असतंच’ या वाक्याला आमच्या शास्त्रात १९८२ पासून नाव आहे: डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग. जुनं निदान समोर इतकं ठळक दिसतं की नवा आजार दिसतच नाही. डॉक्टर वाईट असतात म्हणून हे घडत नाही. ओपीडीत पाच-सात मिनिटं असतात, रुग्ण नीट सांगू शकत नाही, आणि तो एरवी कसा असतो हे डॉक्टरांना माहीत नसतं. ते फक्त घरच्यांना माहीत असतं. तुमचा भाऊ २६ वर्षं मध्यम बौद्धिक अक्षमतेचाच आहे, पण डोक्यात मारून घेणं तीन महिन्यांचं आहे. जे आधीपासून आहे ते नव्या गोष्टीचं कारण कसं असेल? भेटीत पहिलं वाक्य हेच असू द्या: “तो आधी असा नव्हता.” आणि लगेच आधी कसा होता ते सांगा. स्वतः आंघोळ करायचा का, कार्यशाळेत कोणतं काम करायचा, रात्री किती वाजता झोपायचा, कशाने खूश व्हायचा.

हे कसं उलगडत जातं ते एका रुग्णावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सातपूरची साधारण तिशीची एक मुलगी, डाउन सिंड्रोम. तक्रार अशी की एकटीच बोलते, कार्यशाळेत जात नाही, उंबऱ्यात बसून राहते. एकटी बोलते म्हणून तिला मनोविकृतीची गोळी सुरू झाली होती. मी आईला विचारलं, एकटी कधीपासून बोलते? आई म्हणाली, “ते तर लहानपणापासून. दिवसभरात काय झालं ते स्वतःलाच सांगते.” म्हणजे ते लक्षण नव्हतंच. डाउन सिंड्रोममध्ये असं मोठ्यानं बोलणं पुष्कळ दिसतं आणि त्यांना त्याची मदतच होते. मग नवीन काय होतं? मंद झालेली चाल, वाढलेलं वजन, कोरडी त्वचा, चार-चार दिवस शौचाला न होणं. टीएसएच तपासलं, वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड कमी पडत होतं. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड कमी पडणं इतकं नेहमीचं आहे की काही तक्रार नसतानाही वर्षा-दोन वर्षांतून तपासावं लागतं.

गोळी सुरू झाली, दोनेक महिन्यांत टीएसएच जागेवर आलं, चाल सुधारली, पोट साफ होऊ लागलं. इथे थांबणं सोपं होतं. पण आईच्या वहीत रोज एक नोंद होती: पहाटे चारला उठते, रडते. आणि जी मुलगी टीव्हीवर गाणं लागलं की नाचायची, ती आता मान फिरवून बसायची. थायरॉइड सापडल्यावर सगळं त्याच्याच खात्यावर टाकलं असतं, तर तेही एक प्रकारचं झाकोळणंच झालं असतं. आम्ही पुन्हा तारखा मांडल्या. दिवाळीनंतर कार्यशाळेतली तिची आवडती ताई लग्न होऊन गेली होती आणि तिला कुणी सांगितलंच नव्हतं, ‘तिला काय कळणार’ म्हणून. नैराश्याचं निदान केलं, सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅमपासून सुरू केली, आणि त्या ताईबरोबर एक व्हिडिओ कॉल आणि फोटोंची एक छोटी वही, असं दोन्ही केलं. आधीची मनोविकृतीची गोळी हळूहळू बंद केली. दोन-अडीच महिन्यांत ती कार्यशाळेत परत जाऊ लागली.

यात ‘मला उदास वाटतं’ हे वाक्य तिने एकदाही उच्चारलं नाही, आणि नैराश्याच्या नेहमीच्या प्रश्नावलीत ते वाक्यच मध्यभागी असतं. बौद्धिक अक्षमतेत त्याऐवजी चिडचिड, आवडती गोष्ट सोडणं, येत असलेलं काम न जमणं, झोप-भूक बदलणं, स्वतःला इजा करणं हेच मोजावं लागतं. तुमच्या भावाच्या बाबतीतही गोळ्यांखेरीज ही शक्यता डॉक्टरांपुढे ठेवा. कार्यशाळेत कोण गेलं, कोण नवीन आलं, कुणी त्रास देतं का, हे तिथल्या शिक्षकांना भेटून विचारून या.

मात्र त्याआधी शरीर. डोक्यात नेमकं कुठे मारतो? कानामागे, गालावर, कपाळावर? कान मळाने भरलेला असणं, किडलेली दाढ, सायनस, डोकेदुखी या सगळ्याला तोच हात तिथेच जातो. जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढत असेल तर आम्लपित्ताचा विचार करावा लागतो. शौच रोज होते का ते प्रत्यक्ष पाहा, त्याच्या ‘हो’वर जाऊ नका. रिस्पेरिडोनबरोबर हात थरथरू नयेत म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिलही दिली असेल, तर तिने बद्धकोष्ठ वाढतं आणि लघवीही अडकू शकते. मध्येच पातळ शौच होत असली तरी वर घट्ट शौचाचा खडा अडकलेला असू शकतो. कान आणि दात भेटीच्या आधीच तपासून घेतलेत तर उत्तम. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात या ओपीडी आहेत, दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड सोबत न्या.

प्रत्यक्ष भेटीबद्दल. दवाखान्यात आधी फोन करून सकाळची पहिली वेळ मागा आणि कारण सांगा. तासभर गर्दीत बसल्यावर जो भाऊ डॉक्टरांना दिसेल तो खरा नसेल. आदल्या दिवशी त्याला दवाखान्याच्या दाराचा फोटो दाखवून कुठे जायचं ते सांगा. आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी त्याच्याशी बोलावं अशी विनंती करा.

त्याच्याशी बोलताना सगळ्यात मोठी अडचण ‘हो’ची असते. समोरच्याला बरं वाटावं म्हणून ही मुलं बहुतेक प्रश्नांना हो म्हणतात. “रात्री झोप लागते ना?” हो. “रात्री जागा असतोस ना?” तेही हो. म्हणून प्रश्न उलटा करून पुन्हा विचारायचा. दोन पर्याय दिले तर शेवटचा शब्द परत येतो, तेव्हा क्रम बदलून विचारायचा. एका वेळी एकच गोष्ट, आणि मग मनात दहापर्यंत मोजून गप्प राहायचं. बऱ्याचदा उत्तर सातव्या-आठव्या आकड्याला येतं आणि तोवर घरचे उत्तर देऊन मोकळे झालेले असतात. ‘किती महिन्यांपासून’ याला अर्थ नसतो, ‘रंगपंचमीला रहाडीवर रंग खेळायला गेलो होतो, तेव्हा दुखत होतं का?’ याला असतो. ‘आवाज ऐकू येतात का?’ याला तो हो म्हणेल, कारण आवाज सगळ्यांनाच ऐकू येतात. त्या एका ‘हो’वर मनोविकृतीचं निदान होत असेल तर तिथे जरूर बोला.

तुमचं सांगणं दिसलेल्या गोष्टींचं असू द्या. ‘खूप रागावतो’ यातून डॉक्टरांना काही मिळत नाही. ‘रात्री जेवल्यावर पाऊण तासाने उजव्या मुठीने कानाच्या वर मारतो, पाठीवर हात ठेवला की थांबतो’ यातून खूप मिळतं. मारून घेण्याचा आणि फेऱ्या मारण्याचा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. तोवर रोज चार नोंदी ठेवा: झोप, जेवण, शौच, आणि मारून घेण्याच्या आधी-नंतर काय झालं. आणि तुम्ही काही खासगी सांगणार असाल, आईचा थकवा, घरातली भांडणं, तर त्याला बाहेर कुणाजवळ बसवून सांगा. तो बोलत कमी असला तरी ऐकतो सगळं.

फिट परत आली, त्याने पाणीही नाकारलं, पोट फुगून उलट्या झाल्या, लघवी झाली नाही, किंवा ताप येऊन अंग लाकडासारखं कडक झालं, तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी अपघात विभागात न्या आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं हातात ठेवा.