१३ चा बीसीडी आणि ग्रे कोड

प्रश्न: लॅब रेकॉर्डमध्ये दशमान संख्येचा बीसीडी आणि ग्रे कोड लिहायचा आहे. बीसीडीवरूनच ग्रे काढला तर चालेल का?

उत्तर: नाही, ग्रे कोड संख्येच्या शुद्ध बायनरी रूपावरून काढावा लागतो, कारण बीसीडीत प्रत्येक दशमान अंकाला स्वतंत्र चार बिट दिलेले असतात आणि ते सगळे मिळून त्या संख्येचे बायनरी मूल्य होत नाही. उदाहरणार्थ, १३ चा बीसीडी 0001 0011 असा येतो, तर बायनरी 1101 आहे. ग्रेसाठी 1101 मधला सर्वात डावीकडचा 1 तसाच उतरवावा आणि पुढे शेजारच्या दोन-दोन बिटांचे एक्सॉर घ्यावे: 1 व 1 चे 0, 1 व 0 चे 1, 0 व 1 चे 1, म्हणजे उत्तर 1011. हीच कृती चुकून बीसीडीवर केली, तर 00011010 मिळते आणि तो १९ चा ग्रे कोड आहे. ब्रेडबोर्डवर चार बिटांसाठी 7486 मधली तीनच गेट लागतात, चौथे रिकामे राहते. पडताळा सोपा आहे: १४ चा ग्रे 1001 येतो आणि तो 1011 पेक्षा एकाच बिटाने वेगळा आहे, दोन बिट बदललेले दिसले, तर तक्त्यात किंवा जोडणीत चूक आहे. मात्र तक्ता फक्त ० ते ९ चा असेल, तर ९ वरून ० वर परतताना (1101 ते 0000) तीन बिट बदलतात. ती चूक समजू नये.