दिवाळी ऑफरच्या जाहिरातीत फुगवलेली मूळ किंमत कशी पकडायची?

«दुकानदार दिवाळीचा मजकूर पाठवतो, त्यात रेघ मारून कापलेली किंमत आणि 50 टक्के सूट. ती मूळ किंमत खरी की फुगवलेली हे छापायच्या आधी कसं तपासायचं?»

त्या मालाची मागच्या महिन्याची बिलं मागा, बाकी सगळं नंतर. मी लातुरात पॅम्प्लेट, इन्स्टा पोस्टचा मजकूर तपासायचं काम करायलोय, आणि टॅगवर काय छापलंय यावरून काहीच कळत नाही हे एका साडीच्या जाहिरातीनं शिकवलं.

मजकूर होता ‘2999 ची सिल्क फक्त 1499 मध्ये, 50% सूट’. टॅगवर 2999 होतंच, म्हणून आमच्या पोराने डिझाईन करून टाकलं. मी मालकाला म्हणलं, काका, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून ह्या आयटम कोडची सप्टेंबरची विक्री काढून द्या. आधी कुरकुर केली, मग काढली. बिलं होती 1450, 1400, 1475 ची, 2999 ला एकही साडी गेली नव्हती. म्हणजे सूट तर सोडाच, दिवाळीत साडी महागच होणार होती! काका म्हणले, ‘अरे सगळेच असंच करायलेत.’ करत असतील, पण बायका मागच्या महिन्यातलं बिल घेऊन दुकानात आल्या की मग जवाब कोण देणार? शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसवी जाहिरात प्रकाशित करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शेवटी टक्का आणि कापलेला आकडा दोन्ही काढले, नुसतं ‘सिल्क साड्या 1499 पासून’ ठेवलं, आणि त्या भावाच्या किती साड्या आहेत तेही विचारून घेतलं, नाहीतर दोन तुकडे लटकवून ‘पासून’ लिहितात.

माझा नियम असाय की गेल्या 30 दिवसांत सगळ्यात कमी ज्या भावात विकलं तीच मूळ किंमत. हा कायद्यातला आकडा नाही, माझा आहे. माल नवीनच आला असंल, बिलंच नसतील, तर कापलेली किंमत टाकायचीच नाही, ‘नवीन माल’ म्हणायचं.

मिक्सर, कुकर वगैरेचं वेगळंय. पाकिटावरची एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत असते, त्याच्यावर विकता येत नाही इतकंच, दुकानात वस्तू वर्षभर त्याहून कमीच भावात जाते. म्हणून ‘मूळ किंमत’ असं कधी लिहू देत नाही, ‘एमआरपी’ असंच लिहायला लावतो, आणि वर्षभराचाच भाव असंल तर दिवाळी ऑफर हा शब्दही काढायला लावतो, इथे भांडण ठरलेलं.

अन् ‘50+20 टक्के’ दिसलं की कॅल्क्युलेटर काढा. 1000 चे आधी 500, त्यावर 20 टक्के म्हणजे 100 कमी, राहिले 400. सूट 60 झाली, 70 नाही.