'एकास एक, म्हणून आच्छादकही'

प्रश्न: रेषीय रूपांतरणाच्या नोट्समध्ये 'एकास एक आहे, म्हणून आच्छादकही आहे' असं वाक्य आलं. मग हे दोन शब्द समानार्थी आहेत का?

नाहीत. घोळ 'एकास एक' या शब्दामुळे होतो. 'एकास एक संगती' म्हटलं की दोन्हीकडून जोड्या पुऱ्या लागल्या असा अर्थ निघतो, पण 'एकास एक फलन' एवढंच सांगतं की दोन वेगळ्या घटकांची प्रतिमा एक होत नाही. लोकलमध्ये एका सीटवर दोघं नाहीत, हे एकास एक. एकही सीट रिकामी नाही, हे आच्छादक. प्रवासी आणि सीटा सारख्याच असतील तर एक गोष्ट खरी ठरली की दुसरी आपोआप ठरते. (चौथी सीट हिशोबात धरू नका!)

रेषीय रूपांतरणात प्रवासी मोजायचे नसतात, मिती मोजायची. कर्नल म्हणजे शून्यावर जाणारे सगळे सदिश. T(u) = T(v) असेल तर T(u − v) = 0, म्हणून कर्नलमध्ये फक्त शून्य असेल तर T एकास एक. 'कर्नल रिकामा आहे' असं मात्र लिहू नये. शून्य सदिश त्यात कायमच असतो. ही कसोटी रेषीयतेवर उभी आहे. x² शून्यावर फक्त 0 ला नेतो, तरी 1 आणि −1 एकाच जागी जातात.

आता T(x, y, z) = (x + y, y + z, x − z) घ्या. तिन्ही घटक शून्य धरले की x = −y, z = −y मिळतं आणि तिसरं समीकरण आपोआप सुटतं. म्हणजे (1, −1, 1) कर्नलमध्ये आहे, एकास एक गेलं. प्रांताच्या मितीतून कर्नलची मिती वजा केली की प्रतिमेची, म्हणजे T मधून मिळणाऱ्या सगळ्या सदिशांची, मिती मिळते. इथे कर्नलची मिती 1, प्रतिमेची 3 − 1 = 2, म्हणून आच्छादकही नाही. पडताळायचं तर पहिल्या घटकातून दुसरा वजा करा, नेहमी तिसराच येतो. त्यामुळे (1, 0, 0) कधीच मिळणार नाही. शेवटचं x − z बदलून x + z करा: आता −2y = 0, म्हणजे y = 0, कर्नलमध्ये फक्त शून्य. प्रतिमेची मिती 3, सहप्रांताचीही 3, म्हणजे आच्छादक. त्यासाठी एकही वेगळं समीकरण सोडवावं लागलं नाही. तुमच्या नोट्समधलं 'म्हणून' इथून येतं.

त्या 'म्हणून'आधी 'दोन्हीकडची मिती सांत आणि सारखी आहे' हे लिहायला हवं होतं. R² मधून R³ मध्ये जाणारं रूपांतरण एकास एक असू शकतं, आच्छादक कधीच नाही. आणि मिती अनंत असेल तर 'सारखी' म्हणूनही भागत नाही. वास्तव सहगुणकांच्या सगळ्या बहुपदींवर विकलन आच्छादक आहे, पण सगळे स्थिरांक शून्यावर नेतं. उलट x ने गुणणं एकास एक आहे, पण 1 ही बहुपदी त्यातून कधीच येत नाही.