जिबवरून दरी उघडताना

जिब म्हणजे कॅमेरा वर-खाली नेणारा लांब दांडा. आधी शेवटची, वरची फ्रेम लाव, मग खाली ये. दरी पात्रामागून उघडेल की नाही हे जिबच्या उंचीइतकंच कड्याच्या अंतरावर ठरतं. कॅमेरा १ मीटरवरून ४ मीटरवर गेला आणि कडा १० मीटरवर असला, तर कड्यावरून खाली जाणारी नजर सुमारे ६ अंशांवरून २२ अंशांवर येते, दरी खोलवर दिसते. कडा ५० मीटरवर असेल तर जेमतेम साडेचार अंश. नुसती जमीनच पसरते. म्हणून पात्राला कड्याजवळ ने, अर्थात सुरक्षित अंतर राखून. चढताना हळूहळू टिल्ट डाउन कर, नाहीतर पात्र फ्रेमखाली निसटतं. जिब कमानीत फिरतो, अंतर बदलतं, त्यामुळे फोकस दोन्ही टोकांना तपासून खुणा कर.