व्याख्या अकारविल्हे लावायच्या का, आणि कशा लिहायच्या?

प्रश्न: "सोसायटीची पार्किंग नियमावली मराठीत लिहितोय. व्याख्या सुचल्या तशा मांडल्या आहेत: सभासद, वाहन, भाडेकरू, स्टिकर, पाहुणा. एक सभासद म्हणतात अकारविल्हे लावा आणि सगळ्यांची वाक्यं एकसारखी करा. एवढ्याने काय फरक पडतो?"

क्रमाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. व्याख्या कुणी वरपासून खालपर्यंत वाचत नाही. वाद झाला की एक शब्द शोधायला तिथे येतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत व्याख्या वेगवेगळ्या कलमांत पसरल्या होत्या आणि त्यांना वर्णक्रम नव्हता. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत त्या कलम २ मध्ये एकत्र आणून इंग्रजी वर्णक्रमाने लावल्या. तुमच्याकडे पाच-सहाच शब्द असले तरी दोन वर्षांत 'चार्जिंग पॉइंट'सारखी भर पडेलच, आणि ती कुठे घालायची हा प्रश्न मग उरत नाही.

मात्र व्याख्यांना क्रमांक देऊ नका. मधे नवा शब्द आला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि 'व्याख्या ४ पाहा' असं जिथे लिहिलंय तिथे चूक होते. शब्द अवतरणचिन्हांत किंवा ठळक केला की पुरे. इंग्रजी प्रतही काढणार असाल तर तिचा क्रम वेगळा येणारच, पण क्रमांक नसल्यामुळे काही अडत नाही.

सॉर्टचं बटण दाबून निकालावर विसंबू नका. प्रोग्रॅम फक्त युनिकोडचा क्रम पाहत असेल तर ळ हा ल आणि व यांच्या मधे येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर आहे. क्ष आणि ज्ञ तर क आणि ज मध्ये जाऊन बसतात. अनुस्वाराबाबत कोशाकोशांतही फरक आहे. मी 'संस्था' हा शब्द 'सभासद'च्या आधी ठेवतो आणि जोडाक्षराचा 'स्टिकर' स च्या शेवटी. तुम्ही दुसरं काही ठरवा, फक्त सगळीकडे तेच पाळा.

खरी गंमत वाक्यरचनेत आहे. तुमच्या मसुद्यात बहुधा असं काही असेल:

> सभासद म्हणजे ज्यांच्या नावावर फ्लॅट आहे ते.
> भाडेकरू: कमिटीला कळवून राहतात.
> स्टिकर म्हणजे ऑफिसने दिलेला स्टिकर, जो पुढच्या काचेवर लावावा.

आता नियमात शब्दाच्या जागी व्याख्या घालून पाहा. 'भाडेकरूने स्टिकर परत करावा' याचं 'कमिटीला कळवून राहतात-ने' होतं. मराठीत विभक्ती शेवटच्या नामाला लागते, म्हणून व्याख्या नामावरच संपली पाहिजे. 'जो-तो'ची रचना मोडून कृदंत वापरा: राहणारी, दिलेला, आलेली.

> पाहुणा म्हणजे सभासदाकडे किंवा भाडेकरूकडे तात्पुरती आलेली व्यक्ती.
> भाडेकरू म्हणजे सभासदाच्या सदनिकेत लेखी कराराने राहणारी व्यक्ती.
> वाहन म्हणजे दुचाकी किंवा चारचाकी मोटार वाहन.
> सभासद म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या अर्थाने संस्थेचा सभासद असलेली व्यक्ती.
> स्टिकर म्हणजे संस्थेने वाहनासाठी दिलेला क्रमांकित स्टिकर.

'लेखी कराराने राहणाऱ्या व्यक्तीने स्टिकर परत करावा' हे वाक्य चालतं. सगळ्या नोंदी एका साच्यात आल्या की न बसणारी नोंद लगेच डोळ्यात भरते. स्टिकरमधलं 'काचेवर लावावा' असंच सापडलं. तो नियम आहे, व्याख्या नाही. व्याख्येत दडलेला नियम मोडला म्हणून दंड लावायला गेलात की समोरचा विचारणार, असा नियम आहे कुठे? भाडेकरूच्या नोंदीतलं 'कमिटीला कळवून' हेही नियमांत न्या. नाहीतर न कळवता राहणारा भाडेकरूच ठरत नाही आणि नियमांतून सुटतो! 'सभासद' अधिनियमाकडे सोपवला, कारण फ्लॅट नावावर आहे पण सभासदत्व अजून मिळालेलं नाही अशी माणसं असतात.

साचा एकच ठेवायच्या नादात एक फरक मात्र पुसू नका. 'म्हणजे' लिहिलं की अर्थ तिथे संपतो. 'यात अमुकचा समावेश होतो' लिहिलं की नेहमीचा अर्थ राहतो आणि वर भर पडते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या पी. कासिलिंगम खटल्यात हाच भेद सांगितला आहे आणि 'म्हणजे व समावेश होतो' अशी जोड रचना सर्वसमावेशक, म्हणजे बंद व्याख्या मानली आहे. तुमच्या 'वाहन'मध्ये सायकल येत नाही. ती हवी असेल तर 'दुचाकी किंवा चारचाकी मोटार वाहन किंवा सायकल' असं सरळ लिहा. शेवटी 'इ.' लावून सोडलंत, तर पहिल्याच सभेत कुणीतरी मुलाची तीनचाकी घेऊन उभं राहील.